आजोबा-आजींच्या वाढदिवसाला खोडकर पण अदब राखणारा शुभेच्छासंदेश कसा लिहावा

आजोबांना किंवा आजीला वाढदिवसाचा गमतीदार संदेश लिहायला बसले की बहुतेकांचे मन पहिल्यांदा वयाकडेच धावते. पांढरे केस, हरवलेला चष्मा, कमी ऐकू येणे, ‘७५ वर्षांचे तरुण’ असे काहीतरी सुचते आणि ते लगेच लिहिलेही जाते. हा लेख त्याहून वेगळ्या वाटेने जाणारा आहे. संपूर्ण संदेश आजोबांच्या किंवा आजीच्या एकाच सवयीवर उभारायचा, ती सवय थोडी फुगवून सांगायची आणि शेवटी त्याच सवयीतून प्रेम आणि आदर व्यक्त करायचा, ही ती वाट. चार ते सहा वाक्यांचा असा संदेश लिहायला साधारण एक संध्याकाळ पुरते. तो कसा घडत जातो, हे पुढे एका उदाहरणाच्या आधारे पायरीपायरीने दाखवले आहे.

पहिली पायरी: सवय निवडणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण सवय चुकीची निवडली की पुढे शब्द कितीही सांभाळून वापरले तरी उपयोग होत नाही. कागद घेऊन आजोबांच्या किंवा आजीच्या पाच-सहा सवयी लिहून काढाव्यात. ‘प्रेमळ’, ‘शिस्तीचे’, ‘बोलक्या’ अशी विशेषणे लिहू नयेत. प्रत्यक्ष दिसणारी कृती लिहावी. ‘आजोबा शिस्तीचे आहेत’ या वाक्यातून विनोद निघत नाही. ‘साडेदहाच्या गाडीसाठी आजोबा साडेआठला फलाटावर असतात’ या वाक्यात मात्र तो तयारच असतो, फक्त मोकळा करायचा असतो.

मग प्रत्येक सवय तीन प्रश्नांवर तपासावी. पहिला प्रश्न असा की, ही सवय त्यांनी स्वतःच्या मर्जीने लावून घेतली आहे की शरीराने त्यांच्यावर लादली आहे? लवकर पोहोचणे ही मर्जी झाली. हळू चालणे ही मर्जी नव्हे. विसरणे, ऐकू न येणे, डुलकी लागणे, हात थरथरणे, पथ्य पाळावे लागणे, या साऱ्या गोष्टी त्यांच्या मनाविरुद्ध घडत असतात आणि त्यांची भीती त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक वाटत असते. दुसरा प्रश्न असा की, ही गोष्ट ते स्वतः पाहुण्यांना हसत हसत सांगतात का? सांगत असतील, तर त्या विनोदाचे दार त्यांनीच उघडलेले आहे. तिसरा प्रश्न असा की, हाच संदेश घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचला गेला तर चालेल का? वाढदिवसाचे संदेश हमखास मोठ्याने वाचले जातात, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे मोल मला उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी आजोबांनी कानाला यंत्र लावायला नुकतीच सुरुवात केली होती आणि त्या वर्षीच्या संदेशात मी लिहिले होते, ‘आता आमची कुजबुजही तुम्हाला ऐकू येणार, आम्ही सावध झालो आहोत!’ संदेश वाचला गेला तेव्हा सगळे हसले, आजोबाही हसले. त्यानंतर मात्र चार माणसे जमली की ते यंत्र खिशात ठेवू लागले आणि बोलण्यातून बाजूला पडू लागले. ते पुन्हा सर्वांसमोर यंत्र लावू लागेपर्यंत बरेच महिने गेले. माझ्या संदेशात एकही अनादराचा शब्द नव्हता. निवडलेला विषय चुकला होता.

दुसरी पायरी: ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’

मराठीत आदराचे निम्मे काम क्रियापदच करते, त्यामुळे संबोधन लिहिण्यापूर्वीच ठरवावे. नियम साधा आहे: रोज जे म्हणता, तेच लिहावे. अनेक घरांत आजीला ‘अगं आजी, तू’ म्हटले जाते आणि आजोबांना ‘अहो आजोबा, तुम्ही’. रोज ‘तू’ म्हणणाऱ्या नातवाने वाढदिवसापुरते ‘तुम्ही’ लिहिले, तर आजीला तो आदर वाटण्याऐवजी परकेपणा वाटतो. उलट, विनोद करायचा म्हणून आजोबांना एखाद्या वाक्यापुरतेही ‘तू’ म्हटले, तर पुढचे काहीही वाचण्याआधी ते अडखळतात.

एकदा ठरवले की शेवटपर्यंत तेच टिकवावे. घाईत लिहिताना ‘तुम्ही कालपासून तयार होऊन बसला असशील’ अशी चूक सहज होते. संदेश लिहून झाल्यावर फक्त क्रियापदांवरून नजर फिरवावी, म्हणजे असे घसरलेले वाक्य लगेच सापडते.

‘आपण’ हे तिसरे रूप मात्र गमतीसाठी फार उपयोगी आहे. घरात कोणीही कोणाला ‘आपण’ म्हणत नाही, म्हणूनच ‘माननीय आजीसाहेब, आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात वाचताच हसू येते. या पद्धतीत आदराचा अतिरेक हाच विनोद असतो, त्यामुळे अनादर व्हायला जागाच उरत नाही. तिचे एक पूर्ण उदाहरण पुढे दिले आहे.

तिसरी पायरी: पहिला खर्डा आणि त्यातले खड्डे

आता उदाहरण घेऊ. आजोबा ७५ वर्षांचे होत आहेत. निवडलेली सवय म्हणजे सगळीकडे वेळेच्या फार आधी पोहोचणे. ही सवय त्यांच्या मर्जीची आहे, ते ती अभिमानाने सांगतात आणि घरातल्या सर्वांना ती ठाऊक आहे, म्हणजे तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोयीची आहेत. बसल्या बैठकीला सुचलेला पहिला खर्डा साधारण असा येतो:

> आजोबा, तुम्ही आता ७५ वर्षांचे झालात, आता तरी घाई कमी करा! गाडी तुम्हाला घेतल्याशिवाय निघणार नाही. जिथे तिथे सगळ्यांच्या आधी जायची तुमची सवय काही जात नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा!

लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ आहे, तरी हा खर्डा पाठवण्याजोगा नाही, आणि याचे सर्वांत गंभीर कारण लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. मराठीत ‘जाणे’ आणि ‘निघणे’ या क्रियापदांना मृत्यूची छाया आहे. ‘ते गेले’ एवढे म्हटले तरी आपण काय समजतो, हे सांगायला नको. म्हणून तर निरोप घेतानाही आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. पंचाहत्तरीच्या दिवशी ‘सगळ्यांच्या आधी जायची सवय’ आणि ‘तुम्हाला घेतल्याशिवाय निघणार नाही’ ही वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत, म्हणजे धोका ऐकू येईल. इथे उपाय सोपा आहे. जाण्याच्या जागी पोहोचणे आणावे. ‘आधी जाणारे’ हे ‘आधी पोहोचणारे’ झाले की विनोद तसाच राहतो आणि छाया नाहीशी होते.

अशाच जातीचे आणखी काही शब्द वाढदिवसाच्या संदेशात नकळत शिरतात. ‘शंभरी गाठा’ हा आशीर्वादासारखा आहे, पण ‘शंभरी भरणे’ म्हणजे घडा भरून अंत जवळ येणे, त्यामुळे तिथे एका क्रियापदाने अर्थ पार उलटतो. ‘पिकले पान’ म्हटले की गळणे आलेच. ‘पंचाहत्तर नाबाद’ हे क्रिकेटप्रेमी आजोबांना मनापासून आवडू शकते आणि मी ते सरसकट वर्ज्य मानत नाही, पण सर्वांच्या देखत लिहिले तर कोणीतरी बाद होण्याविषयी पुढची कोटी करणार, हे गृहीत धरावे. बुद्धी नाठी झाल्याची म्हण तर कोणत्याही निमित्ताने आणू नये.

खर्ड्यातला दुसरा दोष ‘आता तरी घाई कमी करा’ हा आहे. यात विनोदाच्या आडून उपदेश आला आहे आणि तो वयाचा दाखला देऊन केला आहे. नातवंडाने गमतीतही आजोबांना आज्ञार्थी वाक्य ऐकवले की ते खटकते. ‘आता तरी’, ‘या वयात’, ‘अजूनही’, ‘तरीसुद्धा’ हे शब्द दिसले की ते वाक्य थांबून पुन्हा वाचावे. ‘तुम्ही अजूनही किती छान दिसता’ या कौतुकातला ‘अजूनही’ काढून टाकला, तर राहिलेले वाक्य अधिक प्रेमळ होते.

तिसरा दोष असा की यात आजोबा कुठे दिसतच नाहीत. घाई करणारा कोणताही माणूस या वाक्यांत बसेल. साडेदहाची गाडी आणि साडेआठचे आगमन, हा एकमेव खास तपशील खर्ड्यात यायचाच राहून गेला आहे.

चौथी पायरी: विनोदात हरायचे कोणी

खेळकर वाक्यात कोणीतरी थोडेसे हरते, तेव्हाच हसू येते. या संदेशात हरणारी व्यक्ती नेहमी लिहिणारा नातू किंवा नात असावी. आजोबांची सवय आपण फुगवून सांगतो, पण त्या सवयीपुढे आपलीच फजिती झाल्याचे दाखवतो. त्यामुळे अतिशयोक्ती कितीही वाढवली तरी मान त्यांच्याच बाजूला राहतो.

आजोबांच्या बाबतीत त्याची मांडणी अशी होते: त्यांना सर्वांत आधी शुभेच्छा द्यायची इच्छा आहे, म्हणून नातू पहाटे पाचचा गजर लावतो, आणि तरीही आजोबा त्याच्या आधी उठलेले असतात. म्हणजे लवकर पोहोचण्याच्या शर्यतीत नातू त्यांच्याच वाढदिवशी त्यांच्याकडून हरतो. सवय फुगवण्याचे प्रमाण मात्र एका पायरीपुरते ठेवावे. ‘वाढदिवस आज आहे, पण तुम्ही कालपासून तयार होऊन बसला असाल’ हे पुरेसे आहे. ‘गेल्या वर्षापासून’ म्हटले की आजोबा डोळ्यांसमोरून नाहीसे होतात आणि नुसती कोटी उरते.

पाचवी पायरी: शेवटचे वाक्य

बहुतेक संदेश इथे फसतात. तीन वाक्ये गंमत झाल्यावर ‘गमतीचा भाग सोडा, पण तुम्ही आमचे आधारवड आहात’ असे एक वाक्य चिकटवले जाते. त्याने आधीची गंमत वरवरची ठरते आणि आधारवडही कोणाच्याही आजोबांना लागू पडतो. ज्या सवयीवर हसवले, तिचाच दुसरा चेहरा शेवटी दाखवावा. त्यासाठी स्वतःला विचारावे: या सवयीचा लाभ मला कधी झाला? लवकर पोहोचणारे आजोबा आठवताना नातवाला शाळेचे दार आठवले. बाकी मुले वाट पाहत उभी असायची. याला कधीच थांबावे लागले नाही, कारण घंटा होण्याआधीच आजोबा फाटकापाशी उभे असत. ही आठवण सापडली तेव्हा संदेश पूर्ण झाला:

> आजोबा, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा!
> वाढदिवस आज आहे, पण तुम्ही कालपासूनच तयार होऊन बसला असाल, याची मला खात्री आहे. साडेदहाच्या गाडीसाठी साडेआठला फलाटावर पोहोचणारे तुम्ही! तुमच्या आधी उठून शुभेच्छा द्याव्यात म्हणून मी पहाटे पाचचा गजर लावला, पण तुम्ही एव्हाना अंघोळ आटोपून पेपर वाचत असाल.
> शाळा सुटल्यावर मला फाटकापाशी कधीच वाट पाहावी लागली नाही, कारण घंटा व्हायच्या आधीच तुम्ही तिथे उभे असायचात. माझा नमस्कार.
> तुमचा, नेहमी उशिरा पोहोचणारा नातू

यात ‘आदर’ हा शब्द नाही, ७५ हा आकडाही नाही. आकडा घालायचाच असेल तर तो स्वतंत्र, साध्या वाक्यात घालावा. विनोदाच्या वाक्यात तो आला की विनोद वयावर जातो. भाषा बोलण्यातली ठेवली आहे, कारण हा मजकूर बहुधा कोणीतरी वाचून दाखवणार आहे. गजराचे वाक्य लिहिले असेल तर संदेश खरोखरच पहाटे पाठवावा. नऊ वाजता पाठवला तर तेच वाक्य खोटे पडते.

हीच पद्धत आजीसाठी

आता ‘आपण’चा प्रयोग पाहू. आजीची सवय अशी की फोनवर ‘बरं, ठेवते हं’ म्हटल्यानंतर ती आणखी वीस मिनिटे बोलते. नातू तिला रोज ‘तू’ म्हणतो. सरकारी पत्राची भाषा घेऊन संदेश असा लिहिता येतो:

> माननीय आजीसाहेब यांस,
> आपल्या वाढदिवसानिमित्त कौटुंबिक दूरध्वनी समितीतर्फे हार्दिक शुभेच्छा. समितीच्या असे निदर्शनास आले आहे की, ‘बरं, ठेवते हं’ हे वाक्य उच्चारल्यानंतर आपण सरासरी वीस मिनिटे बोलता व सर्व महत्त्वाच्या बातम्या त्याच वेळेत देता. सबब, यापुढे संभाषणाची सुरुवात थेट ‘ठेवते हं’पासून करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.
> आजी, तू ‘ठेवते’ म्हणालीस ना, की मी फोन कानाला आणखी घट्ट धरतो. खूप खूप शुभेच्छा!

शेवटी ‘आपण’ सुटून ‘तू’ येते, तिथे मजकूर एकदम जवळचा होतो. हा बदल एकदाच आणि शेवटीच करावा. मध्ये दोन-तीनदा ये-जा केली तर वाचणाऱ्याला ती चूक वाटते. समितीच्या नावात आधी ‘तक्रार निवारण’ असे शब्द सुचले होते, ते मुद्दाम टाळले. एकटी राहणारी आजी ‘तक्रार’ हा शब्द वाचून पुढच्या वेळी खरोखरच फोन लवकर ठेवेल, ही शक्यता कितीही कमी असली तरी पत्करण्याजोगी नाही.

याच कारणाने एक मर्यादा पाळावी. त्या वर्षी घरात कोणाचे निधन झाले असेल, मोठे आजारपण झाले असेल किंवा आजी-आजोबांपैकी एकजण मागे राहिले असेल, तर दोघांच्या जोडीवरचे, भांडणांवरचे, सोबतीवरचे विनोद पूर्ण बाजूला ठेवावेत. एकट्याची सवय, एक आठवण आणि साध्या शुभेच्छा एवढेच तेव्हा पुरे.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यावर

संदेश तयार झाला की तो घरातल्या अशा व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा, जिने आजोबांना रागावलेलेही पाहिले आहे. आई, काका किंवा आत्या याला योग्य. ‘छान आहे का?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘छान’ असेच येते. ‘यातला कोणता शब्द त्यांना खटकेल?’ असे विचारावे. वाचताना समोरची व्यक्ती जिथे क्षणभर गप्प होते, तिथला शब्द बदलावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मजकूर आटोपशीर ठेवावा. फार लांब संदेश अर्धवट दिसतो आणि उरलेला वाचण्यासाठी वेगळे दाबावे लागते. शेवटचे वाक्यच दुमडलेल्या भागात गेले तर फक्त चेष्टा वाचली जाईल आणि माया न वाचताच राहील. हसून डोळ्यांत पाणी आलेले चित्र काही वडीलधाऱ्यांना रडण्याचे वाटते, म्हणून चित्रे कमीत कमी वापरावीत. संदेश आधी त्यांना एकट्यांना पाठवावा आणि कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांनी स्वतः तो पुढे पाठवला तरच तिथे जाऊ द्यावा. ग्रुपवर थेट टाकला की बाकीचे त्यात आपापली भर घालतात आणि एका सवयीवरची प्रेमाची गंमत दहा जणांच्या चेष्टेत बदलते. छापील किंवा हस्तलिखित कार्ड असेल तर अक्षर मोठे आणि सुटे असावे, म्हणजे ते त्यांना कोणाची मदत न घेता वाचता येईल.

संदेश लागला की चुकला, हे उत्तरावरून कळते. लागला असेल तर आजोबा त्यात भर घालतात: ‘साडेआठ नव्हे, सव्वाआठ.’ चुकला असेल तर नुसते ‘बरं, धन्यवाद’ येते किंवा ते सफाई देऊ लागतात: ‘मी काही एवढा लवकर पोहोचत नाही, त्या दिवशी रिक्षा पटकन मिळाली.’ सफाई देणे हे दुखावल्याचे सर्वांत स्पष्ट लक्षण आहे. अशा वेळी ‘अहो, गंमत केली’ असे लिहू नये, कारण त्यातून दोष त्यांच्या समजुतीवर ढकलला जातो. त्याच दिवशी फोन करावा, ‘आजोबा, माझं वाक्य चुकलं, माफ करा’ एवढेच म्हणावे आणि लगेच शाळेच्या फाटकापाशी उभे असणाऱ्या आजोबांची ती आठवण, कोणत्याही विनोदाशिवाय, त्यांना सांगावी.